हप्त्यावर ओव्हन घेतला तर महिन्याला किती केक विकले म्हणजे बरोबरी होईल?

ओट्यावरची_केतकी
नमस्कार मंडळी. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, जवळजवळ सगळे अर्ध्या किलोचेच असतात. सध्याच्या छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच टिन बसतो, म्हणून चार टिन एकदम बसतील असा मोठा ओव्हन बघितलाय. किंमत ५४,०००. त्यातले ६,००० सुरुवातीला भरायचे आणि उरलेल्या ४८,००० चे १८ हप्ते. विक्रेत्याने हप्ता ३,१४७ सांगितलाय, मी ३,१५० धरते.

माझा हिशोब असा. केक ४५० ला जातो. सामान १६०, खोका आणि बोर्ड मिळून ३०. म्हणजे एका केकमागे २६० सुटतात. ३,१५० भागिले २६० म्हणजे १२ आणि थोडं वर, तर १३ केक. मी महिन्याला ४० च्या आसपास केक विकते, म्हणजे हप्ता अगदी सहज निघेल असं दिसतंय. घरच्यांना मात्र हे इतकं सोपं वाटत नाही. कुठे काही राहतंय का, बघाल का?

सुट्टे_पैसे
हप्ता नफ्यातून कशाला काढता? विक्रीतूनच जातो ना तो? ३,१५० भागिले ४५०, म्हणजे ७ केक. आठवड्याला दोन सुद्धा नाहीत. डोळे झाकून घ्या.

जमाखर्च
सुट्टे_पैसे, ते ७ केक बनवायला सामान आणि खोके मिळून १,३३० लागले, ते कोण देणार? विक्रीच्या किमतीने भागायचं नाही. केक गेल्यावर त्याचा त्याचा खर्च वजा जाऊन हातात जे सुटतं, त्यानेच भागायचं. केतकीताईंची रीत बरोबर आहे. पण वरचा आकडा आणि खालचा आकडा, दोन्ही मला अर्धवट वाटतात.

आधी खालचा. २६० खरोखर सुटतात का? काही गोष्टी विचारतो. घरपोच देता का, आणि तो खर्च कोण करतं? केक बिघडला, उतरवताना दबला, पुन्हा करावा लागला, असं चाळीसात किती वेळा होतं? आणि वीज कुठे धरली आहे?

पाव_किलो
ओटीजी घेताय की कन्व्हेक्शन? मी सहा महिन्यांपूर्वी पंखावाला घेतला, वरचा आणि खालचा दोन्ही टिन सारखे भाजून निघतात. साध्या ओव्हनमध्ये मध्येच टिनांची अदलाबदल करावी लागायची. लिटर किती आहेत ते बघा, आणि आतली लांबी-रुंदी टेपने मोजून घ्या. चार टिन बसतात असं सांगतात, पण मध्ये हवा खेळायला जागा उरत नाही.

ओट्यावरची_केतकी
पाव_किलो, पंखावालाच आहे, माझे टिन नेऊन ठेवून बघितले, बसतात. पण माझा प्रश्न कोणता घ्यावा हा नाही, किती केक विकावे लागतील हा आहे.

जमाखर्च, निम्म्या ऑर्डरी लोक येऊन नेतात, उरलेल्या मी पोचवते, प्रत्येकी ४० जातात. चाळीसात दोनेक केक वाया जातात किंवा चवीला म्हणून द्यावे लागतात. वीज घराच्या बिलातच येते, वेगळी कधी काढली नाही.

पाव_किलो
अच्छा, मी वेगळंच समजलो. तरी एक विचारून घेतो, ओव्हन किती वॉटचा आहे? ३,००० च्या आसपास असेल तर स्वयंपाकघरातल्या साध्या प्लगवर चालवू नका. जाड वायर ओढून मोठा पॉइंट घ्यावा लागतो. मला तो खर्च ओव्हन घरी आल्यावर कळला.

ओट्यावरची_केतकी
३,००० वॉटच आहे! वायरिंगचं विचारून घेते.

जमाखर्च
पाव_किलोंचा मुद्दा हिशोबातलाच आहे. वायरिंगचे पैसे आणि सुरुवातीचे ६,००० हे हप्त्यात दिसत नाहीत, पण ओव्हनच्याच नावावर जातात. ते बाजूला लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता वीज. ३,००० वॉटचा ओव्हन तापायला १५ मिनिटं पूर्ण जोरात चालतो, म्हणजे पाऊण युनिट. पुढची ३५ मिनिटं थर्मोस्टॅट चालू-बंद करत राहतो, साधारण निम्मा वेळ चालू धरा, त्याचं आणखी पाऊण युनिटपेक्षा थोडं जास्त. एकूण सुमारे १.६ युनिट. हिशोबाला युनिट १० ने धरलं तर एका भट्टीला १६. आता गंमत बघा, हे १६ केकचे नाहीत, भट्टीचे आहेत. चार टिन लावले तर केकमागे ४ आणि एकच लावला तर १६. मोठ्या ओव्हनमध्ये एकच केक भाजायची सवय लागली तर वीज उलट वाढते. तुमच्याकडे सरासरी दोन टिन लागतील असं समजून ८ धरू.

पोचवण्याचे ४०, पण निम्म्याच ऑर्डरींना, म्हणून केकमागे २०. वाया जाणाऱ्याचा बोजा विकल्या जाणाऱ्या केकवरच पडतो: चाळीसात दोन म्हणजे सामानाच्या ५ टक्के, म्हणजे ८. बटर पेपर, हातमोजे, पायपिंग बॅग वगैरेंचे ४. सगळं मिळून १६० + ३० + ८ + २० + ८ + ४ = २३०. एका केकमागे सुटतात २२०, २६० नाही.

रविवारची_न्याहारी
क्रीमचं काय? लिटरचा पॅक फोडला आणि ऑर्डर एकाच अर्ध्या किलोची असली की उरलेलं क्रीम तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. ते फेकलं तर १६० चे सहज २०० होतात. सामानाचा आकडा पाककृतीवरून काढलाय की महिन्याच्या खरेदीच्या बिलांवरून? दोन्हींत फार फरक पडतो, हे मी माझ्या ब्रेडच्या कामात बघते आहे. वजनाप्रमाणे पीठ एक सांगतं आणि दुकानाची बिलं दुसरंच.

ओट्यावरची_केतकी
पाककृतीवरून काढलाय. बिलं ठेवली आहेत, महिन्याची बेरीज करून केकच्या संख्येने भागून बघते.

(थोड्या वेळाने) मागच्या तीन महिन्यांची बिलं बघितली. वाया गेलेले आणि क्रीम धरून केकमागे १६७ येतात. म्हणजे जमाखर्च यांचे १६० अधिक ८ जवळपास जुळतात. क्रीम उरलं की मी दुसऱ्या दिवशी कपकेक करून घरीच संपवते, पण वाया फारसं जात नाही. २२० च धरू या.

जमाखर्च
छान. आता वरचा आकडा. हप्ता सोडून दर महिन्याला, केक विकला न विकला, तरी काय काय जातं?

ओट्यावरची_केतकी
भांडी घासायला आणि आवरायला एक मावशी येतात, बेकरीच्या कामाचे त्यांना वेगळे २,००० देते. फोन, फोटो आणि जाहिरात मिळून ८००. परवाना, टिन, वजनकाटा असं वर्षाकाठी जे लागतं ते बारा महिन्यांत वाटलं तर २०० च्या आसपास.

जमाखर्च
म्हणजे ३,००० आधीपासूनच आहेत. त्यात हप्ता ३,१५०, आणि नव्या ओव्हनच्या दुरुस्तीसाठी महिन्याला २५० बाजूला काढायचे. हमी संपल्यावर एलिमेंट नाहीतर थर्मोस्टॅट कधीतरी जातोच. एकूण ६,४००. भागिले २२० म्हणजे २९.०९. इथे ३० धरायचे. २९ व्या केकला अजून थोडे कमीच पडतात आणि केकचा तुकडा वेगळा विकता येत नाही. शीटमध्ये ठेवायचं असेल तर B1 मध्ये दर महिन्याचा ठरलेला खर्च, B2 मध्ये किंमत, B3 मध्ये केकमागचा खर्च:

```
=ROUNDUP(B1/(B2-B3),0)
```

म्हणजे बरोबरीचा आकडा ३०. तुमचे १३ फक्त हप्त्याचे होते, बाकीच्या खर्चांना त्यात जागाच नव्हती.

सुट्टे_पैसे
मग तरी ४० विकतातच की! ३० च्या वर १० केक. घ्या ओव्हन.

जमाखर्च
इथेच जरा थांबू या. ओव्हन नसताना ४० केकवर ८,८०० सुटतात, ३,००० जाऊन ५,८०० घरात येतात. ओव्हन आल्यावर तेच ४० केक विकले तर ८,८०० वजा ६,४००, म्हणजे २,४००. तोटा नाही, बरोबरीच्या वरच आहेत, पण केतकीताईंच्या हातात महिन्याला ३,४०० कमी येतील. आज जे मिळतं तेच मिळवायचं असेल तर ३,४०० भागिले २२०, म्हणजे आणखी १६ केक. चाळीसाचे छप्पन व्हायला हवेत.

माझ्या मते ओव्हनचा निर्णय या १६ वर व्हावा, ३० वर नाही. ३० चा आकडा धंदा तग धरेल का हे सांगतो. ओव्हन घेऊन काही फायदा आहे का, हे १६ सांगतो.

ओट्यावरची_केतकी
हे मी अजिबात असं बघितलं नव्हतं. सध्या महिन्याला दहा-बारा ऑर्डरी नाकारते, म्हणून तर ओव्हन हवा होता. पण १६ हव्यात. म्हणजे चार-सहा नवीन गिऱ्हाइकं आणावी लागतील. ओव्हन आला की सुरुवातीला दहा टक्के सूट देऊन बघावी असा विचार आहे.

ताळेबंद
केतकी, घसारा कुणीच धरला नाही. ओव्हन पाच वर्षं चालेल असं समजलं तर ५४,००० भागिले ६० महिने, म्हणजे ९०० दर महिन्याला. ते मिळवले की ७,३०० होतात आणि बरोबरी ३४ केकवर जाते.

जमाखर्च
ताळेबंद, घसारा धरायला हवा हे खरं, पण हप्त्याच्या सोबत नाही. हप्त्यात ओव्हनची किंमतच आहे. त्यावर घसारा चढवला की एकच ओव्हन दोनदा विकत घेतल्यासारखं होतं.

दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, या अठरा महिन्यांत दर महिन्याला खिशातून पैसे पुरतील का? त्याला हप्ता धरा, घसारा सोडा, उत्तर ३०. दुसरा, ओव्हनच्या सगळ्या आयुष्यात हा व्यवहार परवडतो का? त्याला हप्ता सोडा आणि किंमत अधिक व्याज, म्हणजे ६२,६४०, साठ महिन्यांत वाटा. महिन्याला १,०४४ होतात. मग ३,००० अधिक २५० अधिक १,०४४, भागिले २२०, उत्तर २०. वायरिंगचा खर्च यात मिळवला तरी आकडा फार हलणार नाही. आणि हप्ते फिटल्यावर, नुसते खिशातून जाणारे बघितले तर, बरोबरी १५ वर येते.

ताळेबंद
हं, हप्ता आणि घसारा एकत्र नको हे पटलं. पण मग जुन्या ओव्हनचं काय? तो विकला तर त्याचे पैसे सुरुवातीच्या ६,००० मधून वजा करता येतील.

ओट्यावरची_केतकी
जुना ठेवणार आहे. एखाददुसरा केक असला तर तोच लावीन, वरचा विजेचा हिशोब वाचून तर नक्कीच.

जमाखर्च
आता सुटीबद्दल, कारण मला तीच जास्त धोक्याची वाटते. ४५० वर दहा टक्के म्हणजे ४५. ते सगळेच्या सगळे सुटणाऱ्या २२० मधून जातात, सामान काही स्वस्त होत नाही. उरतात १७५. बरोबरी ३० वरून ३७ वर जाते. आणि आजचे ५,८०० राखायचे तर १२,२०० भागिले १७५, म्हणजे ७० केक. सूट न देता हेच ५६ होते. चौदा जादा केक केवळ सुटीची भरपाई करायला. शिवाय जी गिऱ्हाइकं ४५० ला आनंदाने घेत होती, तीही आता ४०५ च देणार.

दुपारचा_चहा
व्याजाचा दर कुणी विचारला का? ३,१४७ बघून वाटतंय की विक्रेता १२ टक्के फ्लॅट लावतोय. ४८,००० वर दीड वर्षाचं पूर्ण व्याज, ८,६४०, आधीच काढून अठरा भाग केलेत. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, पण व्याज मूळ ४८,००० वरच चालू राहतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बँकेने घटत्या शिलकेवर १४ टक्के सांगितले तरी हप्ता २,९७२ बसेल.

ओट्यावरची_केतकी
बाप रे. मी १२ आणि १४ बघून विक्रेत्याचं स्वस्त समजत होते.

जमाखर्च
दुपारचा_चहा यांचं बरोबर आहे, बँकेत जरूर विचारा, १७५ दर महिन्याला सोडायचे कशाला. पण बरोबरीवर परिणाम किती? ३० चे २९. एक केक. सुटीने सात वाढत होते. लोक दरावरून महिनाभर घासाघीस करतात आणि सूट एका दिवसात जाहीर करून मोकळे होतात.

रविवारची_न्याहारी
माझा अनुभव सांगते, ब्रेड आणि बनचा. मी मिक्सर हप्त्याने घेतला होता. सरासरी काढली तर मी बरोबरीच्या बरीच वर होते. पण काही महिने दणकून ऑर्डरी आणि काही महिने अगदी मंद. मंद महिन्यात बरोबरीच्या निम्म्यानेही विक्री व्हायची नाही, आणि हप्ता तर ठरलेल्या तारखेला खात्यातून जातोच. दोनदा हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा. त्यानंतर चांगल्या महिन्यात दोन हप्त्यांइतके पैसे वेगळ्या खात्यात टाकून ठेवायला लागले, तेव्हा सुरळीत झालं. केतकी, तुझे ४० हे सरासरी आहेत की दर महिन्याला तेवढेच?

ओट्यावरची_केतकी
सरासरी. सगळ्यात कमी महिन्यात २३ होते, जास्तीत जास्त ५८.

रविवारची_न्याहारी
मग २३ च्या महिन्यात ५,०६० सुटणार आणि ६,४०० जाणार, म्हणजे १,३४० घरातून घालावे लागणार. हे आधी माहीत असलं की जड जात नाही. असे दोन महिने लागोपाठ आले तर किती, तेवढे बाजूला असू दे.

निगुती
सगळे आकडे वाचले. केतकीच्या स्वतःच्या मेहनतीचं काय? अर्ध्या किलोच्या केकला आयसिंग धरून दीड तास तरी जातो. तासाला १०० धरा, १५० झाले. मग एका केकमागे सुटतात फक्त ७०, आणि बरोबरी ९२ केकवर. हा खरा आकडा. बाकी सगळं बाईच्या कामाला फुकट समजून केलेलं गणित आहे.

जमाखर्च
मेहनत धरायलाच हवी. पण मी ती केकमागे न धरता महिन्याची रक्कम म्हणून वर टाकीन. समजा महिन्याला ८,००० घरात यायला हवेत. ६,४०० अधिक ८,०००, भागिले २२०, म्हणजे ६६ केक. स्वतःला मजुरी दर केकला कोणी मोजून देत नाही, महिन्याच्या शेवटी उरलं तर मिळते.

निगुती
तसं धरलं तर ६६ केकना ९९ तास, म्हणजे तासाला ८० च्या थोडं वर. दुसरीकडे कामाला गेली तर यापेक्षा जास्त मिळतील का, हा प्रश्न तुमच्या रीतीत कुठे दिसतच नाही. आणि उद्या हाताखाली कुणी ठेवलं तर ती केकमागेच पैसे मागेल. मी ९२ वर ठाम आहे.

जमाखर्च
मदतनीस ठेवली तर तुमचीच रीत योग्य, हे मान्य. तोपर्यंत मी माझी धरीन. केतकीताई, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

दुपारचा_चहा
मी पण घरूनच केक करते, म्हणून एक विचारते. दहा-बारा ऑर्डरी नाकारतेस, त्या ओव्हन रिकामा नसतो म्हणून, की आयसिंगला वेळ नसतो म्हणून?

ओट्यावरची_केतकी
बहुतेक शनिवार-रविवारच्या असतात. एकेक टिन लावायचा, तापवणं धरून पन्नास मिनिटं, सहा केक म्हणजे पाच तास ओव्हनपाशीच जातात. मग आयसिंगला रात्र.

दुपारचा_चहा
स्पंज त्याच दिवशी का भाजतेस? पूर्ण गार करून प्लास्टिक फिल्ममध्ये घट्ट गुंडाळला तर फ्रीजमध्ये दोन दिवस छान राहतो, फ्रीजरमध्ये त्याहून कितीतरी जास्त. उलट गार स्पंज कापायला सोपा, चुरा कमी पडतो. गुरुवार-शुक्रवारी भाजून ठेवलेस तर शनिवार नुसता आयसिंगला मोकळा. त्यानंतरही ऑर्डर नाकारावी लागली, तर अडचण ओव्हनची नाही, हातांची किंवा फ्रीजमधल्या जागेची आहे. मग चार टिनांचा ओव्हन घेऊनही तेवढेच केक होतील, आणि ते १६ येणार कुठून?

निगुती
ताजा केक म्हणून विकायचा आणि स्पंज फ्रीजरमधला? मला नाही पटत.

दुपारचा_चहा
फ्रीजमधला नीट गुंडाळलेला स्पंज सिरप लावल्यावर ताज्यापासून वेगळा ओळखून दाखवा. पण ज्याला जसं पटेल तसं.

ओट्यावरची_केतकी
ठरवलं. हा महिना वहीत दोन रकाने करते. नाकारलेली प्रत्येक ऑर्डर ओव्हनमुळे की हातामुळे. गुरुवारी स्पंज भाजून बघते. सूट देणार नाही. बँकेत विचारून येते. ओव्हनवाल्या नाकारांची संख्या दहाच्या वर राहिली तर २४ हप्त्यांचंही विचारीन, कारण मग हप्ता २,४८० होतो आणि दुरुस्तीचे २५० धरून १६ ऐवजी १३ च केक जादा लागतात. व्याज २,८८० जास्त जाईल हे दिसतंय. पण चांगले महिने आले तर मध्येच फेडून टाकता येईल ना?

दुपारचा_चहा
येईल, पण फ्लॅट दराच्या कर्जात मध्येच फेडलं तरी वाटतं तितकं व्याज वाचेलच असं नाही, वर बंद करण्याचं शुल्कही लावतात. सही करण्याआधी लेखी मागून घे: ६ हप्ते भरून झाल्यावर बंद केलं तर किती भरायचे आणि १२ नंतर केलं तर किती. बँकेकडूनही हेच दोन आकडे घे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघ.